सौद्याचा एकरी उतारा

एका सौद्यात सहा हजार रुपये मिळाले, दुसऱ्यात तीन हजार. चांगला सौदा कोणता? शेअर बाजारात थोडीफार उलाढाल करणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर झटक्यात येईल: सहा हजारांचा. पण पहिल्या सौद्यात फसलो तर दोन हजार जातील या हिशेबाने माणूस उतरला होता, आणि दुसऱ्यात फक्त एक हजार. म्हणजे दोन्हींत त्याने पणाला लावलेल्या रकमेच्या तिप्पट कमावले. सौदा निवडण्याचे, वेळ साधण्याचे आणि बाहेर पडण्याचे काम दोन्हीकडे सारखेच चांगले झाले. फरक होता तो फक्त किती शेअर घेतले याचा.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. यंदा किती पोती झाली एवढ्यावर तो पीक जोखत नाही, एकरी उतारा किती पडला ते विचारतो. बाजारातल्या सौद्याचा एकरी उतारा काढायची जी रीत आहे तिला 'आर मल्टिपल' म्हणतात. इंग्रजीतल्या रिस्क या शब्दाचे हे आद्याक्षर. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ व्हॅन थार्प यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'ट्रेड युअर वे टू फायनान्शियल फ्रीडम' या पुस्तकातून ती ट्रेडर मंडळींत रुजवली. आज आपल्याकडेही बरेच जण "हा सौदा दोन आरचा झाला" असे सहज बोलतात. बोलणाऱ्यांच्या मानाने नोंद ठेवणारे कमी, आणि नीट नोंद ठेवणारे त्याहून कमी.

आधी एक आर म्हणजे काय ते पाहू. तुम्ही एक शेअर ४०० रुपयांना घेतला. भाव ३८० ला आला तर आपला अंदाज चुकला, विकून मोकळे व्हायचे, असे घेतानाच ठरवले. शेअरमागे जोखीम वीस रुपये. शेअर घेतले शंभर, म्हणजे एकूण जोखीम दोन हजार. या सौद्यापुरता एक आर म्हणजे हे दोन हजार रुपये. पुढे तो शेअर ४५० ला विकला, पाच हजार मिळाले. पाच हजाराला दोन हजाराने भागा, निकाल अडीच आर. तो ३८० ला सुटला असता तर निकाल उणे एक आर. गणित चौथीच्या मुलालाही जमेल असे आहे. अवघड आहे ती त्यातली एकच अट: भागायची रक्कम सौदा घेण्याआधी ठरलेली हवी, आणि नंतर काहीही झाले तरी ती बदलायची नाही.

आता एक वही उघडू. वही काल्पनिक आहे, पण तिच्यातला माणूस अनेकांना ओळखीचा वाटेल. दोन लाखांचे भांडवल, डिलिव्हरीचे सौदे, आठवडा-दोन आठवडे धरून ठेवायचे. सुरुवातीचे तीन सौदे त्याने शिस्तीत घेतले, प्रत्येकात दोन हजारांची जोखीम. दोन जिंकले, एक हरला, खिशात नऊ हजार आले. मग हात सुटला. चौथ्या सौद्यात ८२० चा शेअर, ७८० चा स्टॉप लॉस, आणि शेअर दोनशे. जोखीम एकदम आठ हजार. तो स्टॉपला सुटला. पाचव्यात भरून काढायचे म्हणून ३०० रुपयांचे सहाशे शेअर, स्टॉप २८५, जोखीम नऊ हजार. रात्रीतून काही बातमी आली आणि सकाळी सव्वानऊला भाव २७६ लाच उघडला. पंधराऐवजी चोवीस रुपये गेले. त्यानंतर भीतीने शेअर कमी केले, आणि नेमके तेव्हा सौदे चालले.

| सौदा | ठरलेली जोखीम (₹) | निकाल (₹) | निकाल (आर) | आजवरचे रुपये | आजवरचे आर |
|---|---|---|---|---|---|
| १ | २,००० | +५,००० | +२.५ | +५,००० | +२.५ |
| २ | २,००० | −२,००० | −१ | +३,००० | +१.५ |
| ३ | २,००० | +६,००० | +३ | +९,००० | +४.५ |
| ४ | ८,००० | −८,००० | −१ | +१,००० | +३.५ |
| ५ | ९,००० | −१४,४०० | −१.६ | −१३,४०० | +१.९ |
| ६ | १,००० | +३,००० | +३ | −१०,४०० | +४.९ |
| ७ | १,००० | +२,५०० | +२.५ | −७,९०० | +७.४ |
| ८ | १,५०० | −७५० | −०.५ | −८,६५० | +६.९ |

शेवटचे दोन रकाने म्हणजेच दोन इक्विटी कर्व्ह. आडव्या रेषेवर सौद्यांचे क्रमांक आणि उभ्या रेषेवर आजवरची बेरीज घेऊन दोन्ही काढून पाहा. रुपयांची रेघ थोडी वर जाते, कड्यावरून पडल्यासारखी कोसळते आणि खालीच रांगत राहते. आरची रेघ मध्ये एकदा वाकते आणि पुन्हा चढते. माणूस तोच, सौदे तेच, तारखा त्याच. ब्रोकरच्या ॲपवर मात्र त्याला फक्त पहिली रेघ दिसते, आणि ती पाहून तो काय ठरवील ते सांगायला ज्योतिषी नको: आपली पद्धत चुकीची आहे. मग तो पद्धत बदलेल, नवा इंडिकेटर शोधेल, एखादा क्लास लावेल. जे बरे चालले होते तेच टाकून देईल, आणि ज्याने घात केला तो सौद्याचा आकार तसाच राहील.

आकाराने किती नुकसान केले हेही या वहीतून काढता येते. आठ सौद्यांत मिळून त्याने २६,५०० रुपयांची जोखीम घेतली. तीच जोखीम आठांत सारखी वाटली असती तर प्रत्येक सौद्यात ३,३१२ रुपये आले असते. एकूण ६.९ आर, म्हणजे सुमारे २२,८५० रुपयांचा नफा. प्रत्यक्षात ८,६५० चा तोटा झाला. मधले एकतीस हजार रुपये ना बाजाराने नेले ना पद्धतीने. मोठे आकार हरणाऱ्या सौद्यांना आणि छोटे आकार जिंकणाऱ्यांना मिळाले म्हणून ते गेले. यात थोडे दुर्दैव आहे हे मान्य, पण सगळेच दुर्दैव नाही. जिंकल्यावर फुगणे, हरल्यावर भरून काढायला धावणे आणि मग घाबरून आखडणे, हा क्रम इतक्या जणांच्या वहीत सापडतो की त्याला योगायोग म्हणवत नाही.

उलटा प्रकार जास्त धोकादायक, कारण त्यात दुखत नाही. समजा एकाने हजार हजारांच्या जोखमीचे सहा सौदे घेतले, सहाही स्टॉपला गेले. सातव्यात त्याने दहा हजारांची जोखीम घेतली आणि दहा हजार मिळवले. रुपयांत तो चार हजारांनी वर आहे, आरमध्ये पाचाने खाली. सातपैकी सहा वेळा चुकलेला आणि सातव्यांदा जेवढे लावले तेवढेच मिळवलेला हा माणूस चहाच्या टपरीवर इतरांना टिप्स देत असतो. त्याची रुपयांची रेघ त्याला थांबवणार नाही. आरची रेघ पाचव्या-सहाव्या सौद्यालाच सांगत होती आणि सातव्यानंतरही तेच सांगते.

बाजाराबद्दलच्या मोठ्या आकड्यांतही ही अडचण असते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. किती पैसे गेले ते यातून कळते. पण त्यातल्या एखाद्याचे पैसे वाईट निवडीमुळे गेले की बेसुमार आकारामुळे, हे रुपयांच्या बेरजेतून कुणालाच सांगता येणार नाही. ज्याचे त्याने आपल्या वहीतून काढायचे.

तेव्हा वही कशी ठेवायची? संगणकावरच्या साध्या तक्त्यात आठ रकाने पुरतात: तारीख, शेअरचे नाव, घेतल्याचा भाव, पहिला स्टॉप, संख्या, विकल्याचा भाव, सर्व खर्च वजा करून उरलेले रुपये आणि आर. पहिला रकाना A धरला तर आठव्या रकान्यात हे सूत्र येते:

```
=G2/((C2-D2)*E2)
```

आणि नवव्या रकान्यात आजवरची बेरीज, जिचा आलेख म्हणजे आपली रेघ:

```
=SUM(H$2:H2)
```

आधी विकून नंतर घेणाऱ्यांनी पहिल्या सूत्रात C आणि D ची अदलाबदल करावी. बाकी काही नाही.

यातला चौथा रकाना, पहिला स्टॉप, हा सगळ्यांचा जीव आहे आणि नेमका तोच कुठे छापून मिळत नाही. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये तुम्ही काय घेतले, काय विकले, कोणत्या भावाने, किती वाजता, किती कर कापला हे सगळे असते. तुमच्या मनात बाहेर पडायचा भाव कोणता होता ते नसते. ॲपमधल्या त्या दिवसाच्या ऑर्डरींच्या यादीत लावलेला स्टॉप दिसतो, पण महिन्याभराने तो शोधायला गेलात तर तोवर तो तीनदा बदललेला असतो. म्हणून हा रकाना सौदा घेतला त्याच दिवशी, शक्यतो घेण्याआधी भरायचा. महिनाअखेरीस बसून "माझा स्टॉप २८५ च असणार" असे आठवून भरलेला आकडा हा आकडा नसतो, ते मनाचे समाधान असते.

स्टॉप हलवल्यावर काय करायचे, यावर लोक हमखास घसरतात. शेअर चढला, तुम्ही स्टॉप ३८० वरून ४०० वर आणला. आता जोखीम शून्य झाली, मग आर कशाने भागायचा? पहिल्याच वीस रुपयांनी. वर सरकवलेला स्टॉप नफा राखण्यासाठी असतो, मोजपट्टी बदलण्यासाठी नाही. याहून वाईट म्हणजे स्टॉप खाली सरकवणे. ३०० चा शेअर, स्टॉप २८५, भाव २८६ ला आला आणि तुम्ही "थोडी जागा देऊ" म्हणून स्टॉप २७० ला नेला. सौदा २७० ला सुटला. वहीत उणे एक आर लिहायचा मोह होतो, कारण स्टॉपला सुटला ना! पण ठरलेली जोखीम पंधरा होती, गेले तीस. निकाल उणे दोन आर. ही एक ओळ खरी लिहिली तर पुढच्या वेळी हात जरा थबकतो.

अर्धवट विक्रीतही असेच होते. ४०० ला शंभर शेअर घेतले, स्टॉप ३८०. भाव ४४० ला गेल्यावर पन्नास विकून दोन हजार खिशात टाकले, उरलेल्यांचा स्टॉप ४०० वर आणला आणि ते तिथेच सुटले. बरेच जण याला दोन आरचा सौदा म्हणतात, कारण पहिली विक्री दोन आरवर झाली. पण संपूर्ण सौद्यात मिळाले दोन हजार आणि पणाला होते दोन हजार. निकाल एक आर. पैसे किती टप्प्यांत आले याच्याशी आरला देणेघेणे नाही. एकूण मिळाले ते आणि सुरुवातीला लावले ते, एवढेच दोन आकडे. मध्येच शेअर वाढवले तर मी ती भर वेगळा सौदा म्हणून, वेगळ्या स्टॉपसह लिहावी या मताचा आहे. दुसऱ्या रीतीही आहेत, पण एकदा धरलेली रीत मध्येच सोडली तर जुने आणि नवे सौदे एका रेघेवर बसत नाहीत.

स्टॉप लावला म्हणजे तोटा एका आरवर थांबला, असेही नाही. वहीतल्या पाचव्या सौद्यात उणे १.६ आला तो भाव उडी मारून उघडल्यामुळे. रात्रभर बाजार बंद असतो, बातम्या बंद नसतात. आपल्याकडे साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. दिवसामागून दिवस धरून ठेवायच्या शेअरला लोक जीटीटी लावतात, तीही ट्रिगर लागल्यावर मर्यादित भावाची ऑर्डर टाकते. तो मर्यादित भाव ट्रिगरला अगदी चिकटवून ठेवला, म्हणजे २८५ चा ट्रिगर आणि २८५ चाच भाव, तर २७६ ला उघडलेल्या बाजारात ऑर्डर जाते पण तिला गिऱ्हाईक मिळत नाही. दुपारी पाहावे तर शेअर २६५ ला आणि ऑर्डर तशीच लटकलेली. अशा सौद्याला वहीत उणे २.३ लागेल, आणि तो लावायचाच. "हे माझ्या हातात नव्हते" म्हणून उणे एक लिहिले तर रेघ तुमच्या पद्धतीची राहत नाही, इच्छेची होते.

म्हणूनच दुसऱ्याची आरची वही हातात आली तर मी आधी तोट्यांचा रकाना पाहतो. प्रामाणिक वहीत तोटे उणे एकच्या आसपास घोळका करून असतात: काही उणे ०.५, बरेचसे उणे १ किंवा खर्च धरून उणे १.०५, अधूनमधून एखादा उणे दीड किंवा दोन. रात्रभर शेअर धरणाऱ्या माणसाच्या शंभर सौद्यांत एकही तोटा उणे एकच्या पलीकडे गेलेला नसेल तर वही नंतर भरलेली आहे अशी शंका घ्यावी. उलट उणे दोन, उणे तीन ठिकठिकाणी सांडलेले असतील तर स्टॉप कागदावरच राहतात. नफ्याच्या बाजूला एकच तपासणी पुरे: सर्वांत मोठा सौदा झाकून बेरीज करा. आमच्या वहीतला तीन आरचा एक सौदा झाकला तरी ३.९ आर उरतात. जिथे एका सौद्यावरच सगळी बेरीज उभी असते तिथे पद्धतीबद्दल इतक्यात बोलू नये.

आठ सौद्यांवरून तशीही कोणत्याच पद्धतीबद्दल बोलू नये. वहीतली सरासरी सौद्यामागे सुमारे ०.८६ आर येते. आकडा देखणा आहे, पण निकाल अधिक तीनपासून उणे दीडपर्यंत हेलकावतात. संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबाने इतक्या कमी सौद्यांची सरासरी ०.७ आरने सहज इकडेतिकडे असू शकते. म्हणजे खरी सरासरी दीडही असेल आणि जेमतेम शून्याच्या वरही. हेलकावे तेवढेच राहून सौदे शंभर झाले तर ही अनिश्चितता ०.२ वर येते, तेव्हा कुठे निष्कर्षाला अर्थ येतो. रुपयांच्या वहीत हा हिशेब मांडताच येत नाही, कारण तिथले हेलकावे सौद्याचे किती आणि आकाराचे किती ते वेगळे काढता येत नाही.

आरला फसवताही येते, आणि फसवणारे बहुधा स्वतःलाच फसवतात. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे स्टॉप जवळ आणणे. तोच ४०० चा शेअर, पण स्टॉप ३८० ऐवजी ३९६. जोखीम वीसऐवजी चार रुपये. तो ४५० ला विकला तर अडीच आरऐवजी साडेबारा आर! वहीत हे दिसायला झकास. पण दोन हजारांच्या जोखमीसाठी आता शंभरऐवजी पाचशे शेअर घ्यावे लागतात, म्हणजे दोन लाखांचे सगळे भांडवल एका शेअरमध्ये. डिलिव्हरीला खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी लागतो. चाळीस हजारांच्या सौद्यात तो जाऊन येऊन सुमारे ऐंशी रुपये, म्हणजे ०.०४ आर. दोन लाखांच्या सौद्यात चारशे, म्हणजे ०.२ आर. पाच वेळा आत-बाहेर केले की नुसत्या या करात एक आर गेला, स्टँप ड्यूटी आणि बाकीचे वेगळे. शिवाय चार रुपयांची हालचाल शेअर रोजच्या श्वासातही करतो, त्यामुळे स्टॉप सारखा लागत राहतो. आणि सकाळी भाव ३८४ ला उघडला तर? वीस रुपयांच्या स्टॉपवाल्याचा सौदा अजून जिवंत असतो, चार रुपयांच्या स्टॉपवाल्याचा उणे चार आर झालेला असतो. स्टॉप शेअरच्या चालीवरून ठरवायचा आणि त्यावरून संख्या काढायची. आर सुंदर दिसावा म्हणून स्टॉप ठरवणारा हळूहळू वहीसाठी सौदे घेऊ लागतो.

सगळ्याच सौद्यांना ही पट्टी लागू पडते असेही नाही. ऑप्शन विकत घेणाऱ्याला ती सोपी आहे: प्रीमियम पूर्ण बुडेल असे धरले तर तीच रक्कम एक आर. संरक्षण न घेता कॉल ऑप्शन विकणाऱ्याचा तोटा मात्र किती होईल याला वरची हद्दच नसते. तिथे एखादा आकडा आर म्हणून लिहिला तरी तो ठरवलेला असतो, बांधलेला नसतो. वर्षानुवर्षे शेअर ठेवणाऱ्या गुंतवणूकदाराला तर आर नकोच. त्याने टक्केवारी पाहावी. आणि आयकर खात्याला आर चालत नाही, तिथे रुपयेच द्यावे लागतात.

राहिला प्रश्न आरची रेघ आणि खरे खाते यांच्यातल्या नात्याचा. दोन लाखांवर दर सौद्याला एक टक्का जोखीम घेणाऱ्याला आमच्या वहीतले ६.९ आर म्हणजे ढोबळमानाने सात टक्के. पाचव्या सौद्यापर्यंत रेघ शिखरावरून २.६ आर खाली आली होती. एक टक्क्याने ती अडीच टक्क्यांची घसरण, चार टक्के जोखमीने तीच दहा टक्क्यांच्या वर. आधी रेघेचा उतार आणि तिच्यातल्या घसरणी पाहायच्या आणि मग आपल्याला किती घसरण सोसवेल त्यावरून टक्का ठरवायचा, हा क्रम आरमुळे शक्य होतो. रुपयांच्या वहीत हे दोन्ही एकमेकांत कालवलेले असतात.

मात्र रेघ सौद्यांच्या क्रमाने काढली की एक गोष्ट झाकली जाते: कोणते सौदे एकाच वेळी उघडे होते. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्क्यांनी पडला आणि सरकारी बँकांचे शेअर त्याहून बरेच जास्त. त्या दिवशी एखाद्याकडे अशा पाच शेअरमधले पाच सौदे असतील तर आरच्या वहीत ते एकाखाली एक, पाच वेगवेगळ्या उणे एकांसारखे दिसतील. खात्यात ते एकाच सकाळी गेलेले पाच टक्के असतील. यावर उपाय सोपा आहे. रेघ क्रमांकाबरोबर तारखेवरही काढायची, आणि कोणत्याही क्षणी उघड्या सौद्यांची जोखीम मिळून किती आर आहे त्यासाठी एक जास्तीचा रकाना ठेवायचा. एकाच धंद्यातले पाच शेअर असतील तर तो पाच आरचा एकच सौदा आहे असे समजून चालावे.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी मागच्या वर्षाचे कॉन्ट्रॅक्ट नोट काढून बसू नये. त्यातले स्टॉप आता खरे आठवणार नाहीत. उद्या जो सौदा घ्याल तो पहिली ओळ म्हणून लिहा, घेण्याआधी स्टॉपचा रकाना भरा, आणि शंभराव्या ओळीपर्यंत सरासरीबद्दल कुणाशी वाद घालू नका.